कूलर पावसाळ्यात, स्वेटर संक्रांतीनंतर. पंख्यासाठी मात्र थांबू नका

«आम्ही अमरावतीला राहतो. बारा बाय चौदाच्या हॉलमधल्या आमच्या जुन्या कूलरची टाकी मे महिन्यात फुटली. तेव्हा दुकानात सत्तर लिटरच्या कूलरचे ९,८०० सांगत होते, एक रुपया कमी करायला तयार नव्हते. महिना कसाबसा काढला. आता जुलैत तोच दुकानदार तोच कूलर ८,३०० ला देतो म्हणतोय. ह्यांचं म्हणणं, आठ महिने न लागणारी वस्तू घेऊन पैसे कशाला अडकवायचे, आणि एवढं स्वस्त देतोय म्हणजे मालात खोट असणार. हॉलचा जुना पंखाही बदलायचा आहे. सहा आणि दहा वर्षांच्या मुलांना रेनकोट हवेत, पुढे स्वेटर लागतील. हे सगळं सीझन नसताना घ्यावं का? आणि नेमकं कधी?»
– एक वाचक, अमरावती

कूलर घ्या, पण दुकानातच पाणी भरून अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पंखाही आत्ताच घ्या. तो स्वस्त व्हायची वाट बघण्यात तुमचंच नुकसान आहे. रेनकोट यंदाच्या गरजेपुरते घ्या, पुढच्या वर्षासाठी साठवू नका. स्वेटर मात्र संक्रांत उलटल्यावर. चारही वस्तू सीझनच्याच, तरी प्रत्येकीचं उत्तर वेगळं येतं. ते का, हे कळलं की पुढच्या खरेदीला तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

आधी तुमच्या यजमानांच्या शंकेबद्दल. दुकानदार दीड हजार सोडतोय त्याला मालातली खोट हे कारण असायलाच हवं असं नाही. त्याच्या जागी बसून हिशोब करा. समजा, हा कूलर त्याला ८,००० ला पडला आहे. बहुतेक दुकानदार माल बँकेच्या किंवा बाजारातल्या उधारीवर भरतात. व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर एका कूलरमागे महिन्याला ८० रुपये जातात. आत्ता न खपलेला कूलर मार्चच्या आधी खपत नाही, म्हणजे आठ महिन्यांचे ६४० झाले. वर गोडाऊनचं भाडं. कूलर वजनाला हलका पण जागा खाणारा. खोके एकावर एक दोनच चढवता येतात, तिसरं चढवलं की खालचं दबतं. एका कूलरच्या वाट्याला दीड चौरस फूट जागा आणि चौरस फुटाला १५ रुपये भाडं धरलं, तरी आठ महिन्यांत १८० रुपये होतात. उचल-ठेव, उंदरांनी कुरतडलेलं खोकं, एखादं फुटलेलं चाक हे त्याच्याही वर. म्हणजे तुमच्या नजरेआड त्याचे नऊशे ते हजार रुपये तसेही जाणार आहेत. ते तुम्हाला देऊन कूलर आज काढला तर त्याचं काही बिघडत नाही. वरचे पाचेकशे तो आपल्या नफ्यातून सोडतोय.

यापेक्षाही मोठं कारण दुकानातल्या जागेचं आहे. दर्शनी भागात जिथे कूलर उभे आहेत, तिथे त्याला गणपतीच्या आत टीव्ही, वॉशिंग मशीन, मिक्सर मांडायचे असतात. दिवाळीचा माल भरायला रोख लागते, आणि ती कूलरमध्ये अडकलेली असते. म्हणून जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत तो सर्वांत मऊ असतो. गणपतीनंतर भाव आणखी उतरेल म्हणून थांबू नका. एकदा उरलेला माल गोडाऊनला गेला की पुढचं भाडं आणि व्याज त्याने मनाने सोसलेलंच असतं. मग तो खोकी हलवून, आतला कूलर बाहेर काढून कमी भावात द्यायला तयार होत नाही. ‘आता मार्चमध्येच बघू’ म्हणतो. अपवाद पितृपंधरवड्याचा. त्या दिवसांत दुकानं ओस असतात आणि बाहेर राहिलेला एखादा नग बऱ्या भावात मिळून जातो. पण तेव्हा निवडीला वाव नसतो.

सूट दर वर्षी सारखी नसते, हेही ध्यानात ठेवा. ती उरलेल्या मालावर ठरते, आणि किती माल उरला हे मे महिना ठरवतो. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. एरवी मुंबईची तारीख ११ जून धरतात. ऐन विक्रीचे दिवस पावसात गेले आणि उन्हाळी माल पडून राहिला. अशा वर्षी ताणून घासाघीस करावी. उलट मेअखेरपर्यंत कडक तापलेल्या वर्षी कूलर मागेपुढे संपलेले असतात. तेव्हा पाचशे सुटले तरी पुष्कळ.

आता तुमच्या बाजूचा हिशोब. ८,३०० रुपये बँकेत राहिले असते तर साडेसहा टक्क्यांनी आठ महिन्यांत सुमारे ३६० रुपये आले असते. एप्रिल-मेच्या ९,८०० शी ताडलं तर दीड हजारातून हे ३६० वजा जाऊन साडेअकराशेच्या आसपास वाचतात. फेब्रुवारीत नवा माल येतो तेव्हाही दुकानदार सीझन सुरू व्हायच्या आधी थोडी सूट देतात, कारण होळीआधी माल हलवला तर कंपनीकडून त्यांना काही मिळत असतं. तेव्हा भाव मेपेक्षा कमी आणि आजच्यापेक्षा जास्त राहील, पण सगळे आकार आणि नवी मॉडेलं समोर असतील. घरात कूलर ठेवायला कोरडी जागा नसेल तर फेब्रुवारीच बरा. जागा असेल तर आत्ता.

सूट मोजताना खोक्यावरच्या छापील किमतीकडे बघू नका. त्यावर १४-१५ हजार छापलेले असतात आणि ‘चाळीस टक्के सूट’ अशी पाटी लावता येते. त्या किमतीला तो कूलर मे महिन्यातही कुणी घेतला नव्हता. तुमच्याकडे ९,८०० हा मेचा खरा भाव आहे, तोच धरून चाला. त्यावर दीड हजार सुटले म्हणजे बरीच सूट आधीच मिळाली आहे. आणखी पाचशेसाठी ओढाताण करण्यापेक्षा लोखंडी स्टँड, घरपोच आणि जाळीचा एक जादा संच मागा. या गोष्टी दुकानदाराला स्वस्तात पडतात आणि तुम्हाला एप्रिलमध्ये महाग पडल्या असत्या.

उरलेल्या मालात आकाराची फसगत होते. मधले आकार मेमध्येच संपतात. मागे राहतात ते वीस-तीस लिटरचे छोटे आणि शंभरच्या वरचे अवाढव्य. तुमच्या बारा बाय चौदाच्या हॉलला सत्तर लिटर ठीक आहे. दुकानदार ऐन वेळी ‘सत्तरचा संपला, चाळीसचा घ्या, अजून दोन हजार कमी’ म्हणाला तर नाही म्हणा. विदर्भातल्या ४४-४५ अंशांत छोटा कूलर पलंगाच्या एका टोकाला वारा देतो, खोली गार करत नाही.

दुसरी फसगत मांडणीतल्या नगाची. दुकानाच्या दारात जो कूलर गिऱ्हाइकांना वारा दाखवायला दोन महिने रोज चालला, तोच पुसून खोक्यात घालून ‘पीस नवाच आहे’ म्हणून दिला जातो. ओळखायचं सोपं आहे. मागची जाळीची चौकट काढा आणि मधमाशांच्या पोळ्यासारख्या त्या कागदी जाळीची खालची कड बघा. न वापरलेली जाळी एकसारख्या रंगाची, कोरडी आणि कडक असते. पाणी वाहून गेलेल्या जाळीच्या कडेला पांढरी खरखरीत खपली धरते, कारण आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बोट फिरवलं की भुकटी हाताला लागते. टाकीच्या तळालाही पाण्याच्या पातळीची एक फिकट रेघ दिसते. असा नग घ्यायचा तर जाळ्या नव्या बसवून आणि भाव पुन्हा ठरवूनच घ्या. पंपाचं आयुष्य त्यात काहीसं खर्ची पडलेलं असतं.

खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्षही वाचा. ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. याच वर्षीचं किंवा मागच्या हिवाळ्यातलं असेल तर निश्चिंत राहा. दोन उन्हाळे उलटलेला असेल तर मोटरमधलं ग्रीस घट्ट झालेलं असू शकतं, पंपाचं रबर कडक होतं. अशा नगाला यंदाची नेहमीची सूट पुरेशी नाही.

मग चालवून बघायचं. टाकीत पंप पूर्ण बुडेल इतकं पाणी घालायला सांगा, साधारण दहा-पंधरा लिटर लागेल. पंप कोरडा चालवू देऊ नका, तो तेवढ्यात जळू शकतो. आधी नुसता पंप लावा आणि पाच-सात मिनिटं थांबून तिन्ही बाजूंच्या जाळ्या वरपासून खालपर्यंत सारख्या भिजतात का ते हात लावून बघा. एखादी बाजू कोरडी राहिली तर वरची नळी तुंबली आहे किंवा वाकडी बसली आहे. दुकानात ती दोन मिनिटांत सरळ होते, घरी मार्चमध्ये मेकॅनिकची वाट बघावी लागते. मग पंखा तिन्ही वेगांवर चालवा, पात्यांचा घासल्याचा आवाज येतो का ऐका, समोरच्या झडपा दोन्हीकडे फिरतात का बघा. अर्ध्या तासाने खाली जमिनीवर बघा. पाणी सोडायच्या बुचापाशी ओल दिसली तर बूच बदलून घ्या, आणि टाकीच्या कोपऱ्यातून ओल येत असेल तर तो नग परत करा. वाहतुकीत आपटलेल्या टाकीला केसासारखी चीर जाते आणि ती कोरड्या टाकीत दिसत नाही. टाकीचा त्रास तुम्ही एकदा भोगलाच आहे.

ही तपासणी आत्ताच करायची याचं कारण वॉरंटी. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावते, पहिल्या वापरापासून नाही. १० जुलैला घेतलेल्या कूलरची एक वर्षाची वॉरंटी पुढच्या १० जुलैला संपते, म्हणजे मार्च ते जून हा पूर्ण उन्हाळा तिच्या आत येतो, तुमचं काही जात नाही. पण खोकं न उघडता मार्चपर्यंत ठेवलं आणि मग फुटकी झडप निघाली, तर ‘घरी आपटला असेल’ एवढंच ऐकावं लागतं. शिक्का मारलेलं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि कंपनीकडे नोंद त्याच दिवशी करा.

घरी आणल्यावरही एक काम उरतं, आणि बहुतेकांचा नवा कूलर इथेच खराब होतो. चाचणीत जाळ्या भिजल्या आहेत. त्या तशाच खोक्यात बंद केल्या तर मार्चमध्ये खोकं उघडताना कुबट वास येईल आणि जाळीवर काळे ठिपके असतील. बूच काढून टाकी रिकामी करा, फडक्याने पुसा, पंप बंद ठेवून नुसता पंखा दोन तास चालवा. पावसाळ्याच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर चालवावा लागेल. जाळीच्या आतल्या घड्यांत बोट घालून कोरडेपणा बघा, वरून कोरडी दिसली तरी आत ओल राहते. बूच काढलेलंच ठेवा. वर जुनी सुती चादर टाका. प्लास्टिक गुंडाळलं की आत दव धरतं. दिवाळीच्या साफसफाईत पाच मिनिटं पंखा फिरवला की मोटर मोकळी राहते.

(तुमच्याकडे लोखंडी पत्र्याचे कूलर बनवणारे कारागीरही आहेत. त्यांचं गणित वेगळं, कारण ते माल साठवून ठेवत नाहीत. त्यांच्याकडे दिवाळी ते जानेवारी हात रिकामे असतात, तेव्हा हव्या मापाचा आणि जाड पत्र्याचा कूलर सांगून करून घ्यावा. पत्र्याचा गेज विचारा: २४ नंबरचा पत्रा २६ पेक्षा जाड असतो, आकडा लहान तितका पत्रा जाड. लाकडाच्या भुश्शाच्या ताट्या तेवढ्या फेब्रुवारीत घ्या, त्या एका उन्हाळ्याच्याच धनी.)

पंख्याचं उत्तर उलटं का, ते बघा. छताचा पंखा बारा महिने खपतो, त्यामुळे हिवाळ्यात त्याच्यावर फार तर दोनशे-तीनशे सुटतात. पण तुमचा जुना पंखा आत्ता रोज फिरतोय. जुना साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. बीएलडीसी मोटरचा पंचतारांकित पंखा पूर्ण वेगाला ३० वॅटच्या आसपास. हॉलचा पंखा दिवसाला १५ तास चालला तर रोज ६७५ वॅट-तास, म्हणजे महिन्याला २० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर १६० रुपये. डिसेंबरच्या सवलतीसाठी पाच महिने थांबलात तर आठशे रुपयांची वीज देऊन तीनशेची सूट मिळवाल. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. लेबल नसलेला जुना साठा ‘स्वस्तात’ म्हणून पुढे केला तर तो सोडा; तीनेकशे रुपयांची बचत दोन महिन्यांच्या बिलात निघून जाते. टेबलफॅन आणि उभा फॅन मात्र खरे सीझनचे. तेवढे दिवाळीनंतर घ्यायला हरकत नाही.

रेनकोटांबद्दल थोडं सावध राहा. पावसाळी माल ऑगस्टअखेरपासून उतरतो आणि अनंत चतुर्दशीनंतर निम्म्या भावातही मिळतो. दुकानदाराची घाई इथे कूलरपेक्षा जास्त असते, कारण हा माल ठेवल्याने बिघडतो, आणि तोच धोका तुमच्या कपाटातही आहे. रेनकोटाच्या कापडाला आतून पाणी अडवणारा लेप असतो. तो दमट बंद जागेत झिजतो: आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. प्लास्टिकचा साधा रेनकोट असेल तर त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि घडी घडीला चिकटते. नऊ महिन्यांनी घडी उलगडताना चर्र आवाज आला तर लेप गेला समजा, बाहेरून कोट नवा दिसत असला तरी. शिवाय मुलं तोवर वाढलेली असतात.

म्हणून आत्ता एकेकच घ्या, दप्तरावरून घालता येईल इतका मोठा. घेताना कोट उलटा करा, अंगठ्याने लेप जोरात चोळा. अंगठा चिकटला, आंबूस वास आला किंवा भुकटी निघाली तर तो मागच्या वर्षीचा आहे. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का तेही बघा. पट्टी नसेल तर कोटाचं कापड कितीही चांगलं असो, पाणी टाक्यांतून खांद्यावर उतरतं. सप्टेंबरात स्वस्तात घेण्यासारखी पावसाळी वस्तू म्हणजे छत्री: फायबरच्या काड्यांची, चार वेळा उघडमीट करून बघितलेली. ती कोरडी करून उभी ठेवली तर पुढच्या वर्षी तशीच निघते.

स्वेटरांचा बहुतेक माल लुधियानाचा. तिथले कारखाने उन्हाळ्यापासून विणत असतात, त्यामुळे थंडी किती पडणार हे कळायच्या आतच माल तयार झालेला असतो. आपल्याकडे शहराशहरांत दिवाळीच्या सुमारास तिबेटी विक्रेते येऊन बसतात, ते गाठोडी परत न्यायला नाखूश असतात. संक्रांतीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत भाव उतरतो. एरवी ‘एकच भाव’ म्हणणारेही तेव्हा दोन घेतले तर तिसऱ्यात सवलत देतात. मात्र मधली मापं संपत आलेली असतात. तुमच्या मुलांसाठी ही अडचण नाही, उलट सोय आहे, कारण त्यांना पुढच्या हिवाळ्याचं माप हवं आहे. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. आज अंगाला नीट बसतं त्यापेक्षा दोन इंच मोठं, म्हणजे एक नंबर वरचं घ्या. बाही एका दुमडीची जास्त असावी, खांदा मात्र फार उतरता नको. धाकट्याला थोरल्याचं देता येत असेल तर फक्त थोरल्याचं घ्या.

यंदाच्या थंडीसाठी मुलांचे जुने स्वेटर आत्ताच घालून बघा. जो खरंच लहान झाला असेल तेवढाच दिवाळीनंतर पूर्ण भावाने घ्या, बाकीचे जानेवारीवर सोडा. ठेवताना स्वेटर नवा असला तरी एकदा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून ठेवा. दुकानात हातोहात फिरलेल्या लोकरीला घामाचा अंश असतो आणि कसर तिथेच लागते. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही, पण घर्षणाने गोळे धरतात. ते दुकानातच कळतं: काखेपाशी कापड कापडावर वीस-पंचवीस वेळा घासा, तेवढ्यात बोंडं आली तर ते स्वेटर निम्म्या भावातही घेऊ नका.